चिऱ्याच्या घरात दुसरा राउटर: राउटर मोड की ॲक्सेस पॉइंट मोड?

म्हार्दोळला आमच्या काकांचं घर आहे. जुनं, कौलारू, चिऱ्याच्या दीड-दोन फूट जाड भिंतींचं. पुढे वसरी, मध्ये राजांगण, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून मुलांच्या अभ्यासाची खोली. फायबरची वायर वसरीतून आत येते, म्हणून मोडेमही तिथेच दाराच्या वर ठोकलेला. वसरीत बसलं की १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर नव्वदच्या आसपास वेग मिळतो आणि मागच्या खोलीत जेमतेम चार. चवथीला घर माणसांनी भरलं की ते चारही राहत नाहीत. आतून काकी ओरडतात, "नेट ना रे!"

काकांनी फोंड्यातून एक चांगला राउटर आणला. लॅन केबल मोडेममधून काढून नव्या राउटरच्या निळ्या पोर्टात घातली, डब्यावरच्या सूचनांप्रमाणे सगळीकडे "Next" दाबत गेले आणि नेट चालू झालं. मागच्या खोलीत एकदम ऐंशी. दोन दिवस सगळे खूष होते. तिसऱ्या दिवशी मला फोन आला, "अरे, प्रिंटर गेला. टीव्हीवर मोबाइलवरचं काही दिसत नाही. नवा राउटर खराब निघाला, परत करूया का?"

राउटर खराब नव्हता, फक्त चुकीच्या मोडवर होता. तुमच्याही घरी मोडेमचं वायफाय कमजोर असेल आणि दुसरा राउटर जोडायचा विचार असेल, तर तो विकत घेण्याआधी या दोन मोडमधला फरक समजून घ्या.

आधी एक तपासणी

दोष वायफायचा आहे की लाइनचा, हे पहिल्यांदा ठरवायचं. लॅपटॉप मोडेमला केबलने जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि वेग मोजा. प्लॅनएवढा वेग आला तर लाइन ठीक आहे आणि नव्या राउटरने तुमचं काम होईल. केबलवरही वेग येत नसेल तर कितीही महागडा राउटर आणला तरी उपयोग नाही. आधी कंपनीकडे तक्रार करा.

याच वेळी आणखी एक गोष्ट कळते. प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि केबलवर आकडा सतत ९४-९५ वर अडकतोय, तर कुठेतरी १०० एमबीपीएसची मर्यादा लागली आहे. काही फायबर मोडेमना एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचे १०० चे, म्हणून केबल दुसऱ्या पोर्टात घालून बघा. कधी दोष केबलचाच असतो. आतल्या आठ तारांपैकी एखादी तुटली असली तरी केबल पुष्कळदा १०० वर उतरून मुकाट्याने चालत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

मोडेमच्या डब्यात कोण कोण राहतं

कंपनीने दिलेल्या त्या डब्याला आपण मोडेम म्हणतो, पण त्यात तीन वेगळी कामं चालतात. एक, फायबरमधला प्रकाश नेटवर्कच्या भाषेत बदलणं. दोन, घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देणं आणि सगळ्यांची ये-जा एकाच बाहेरच्या पत्त्यावरून करणं. हे राउटरचं काम. तीन, वायफाय. आपली तक्रार फक्त तिसऱ्या कामाबद्दल आहे. पहिली दोन तो नीट करतोय.

राउटरचं काम म्हणजे नेमकं काय? समजा मोडेमचा स्वतःचा पत्ता 192.168.1.1 आहे. मोबाइल जोडला की मोडेम त्याला 192.168.1.5 देतो, टीव्हीला 192.168.1.6, प्रिंटरला 192.168.1.7. पत्ते वाटण्याच्या या कामाला डीएचसीपी म्हणतात. हे पत्ते घरापुरते. बाहेर जाताना मोडेम ते बदलून सगळ्यांसाठी एकच पत्ता लावतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. या अदलाबदलीचं नाव नॅट.

आता नवा राउटर जोडला आणि तो राउटर मोडवर राहिला, तर तोही हेच सगळं पुन्हा करतो. स्वतः 192.168.0.1 होतो आणि त्याच्या वायफायवर आलेल्यांना 192.168.0 ने सुरू होणारे पत्ते वाटतो. एका घरात दोन वाडे तयार होतात आणि मधे एक दार, जे फक्त एका बाजूने उघडतं. याला डबल नॅट म्हणतात.

ॲक्सेस पॉइंट मोडवर नवा राउटर पत्ते वाटणं आणि नॅट दोन्ही सोडून देतो. केबलने आलेलं वायफायवर सोडायचं आणि वायफायवर आलेलं केबलवर टाकायचं, इतकंच काम उरतं. पत्ते पूर्वीसारखे मोडेमच देतो, त्यामुळे घरातली सगळी यंत्रं एकाच वाड्यात राहतात.

काकांचा प्रिंटर कुठे गेला होता

प्रिंटर अजून मोडेमच्या जुन्या वायफायवर होता, पत्ता 192.168.1.7. काकांचा मोबाइल नव्या वायफायवर, पत्ता 192.168.0.102. मोबाइल प्रिंटर शोधतो तेव्हा तो आपल्या वाड्यात हाक मारतो, "इथे प्रिंटर कोण आहे?" ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. प्रिंटर पलीकडे, त्यामुळे उत्तर नाही. टीव्हीवर मोबाइलचा व्हिडिओ टाकण्याचंही असंच. तिथेही आधी हाक मारावी लागते.

गंमत अशी की प्रिंटर पूर्ण तुटलेला नव्हता. काकांच्या लॅपटॉपवर मी ब्राउझरमध्ये थेट 192.168.1.7 टाइप केलं तर प्रिंटरचं पान उघडलं. आतल्या वाड्यातून बाहेरच्या वाड्यात जाता येतं, फक्त पत्ता ठाऊक हवा. उलट बाजूने मात्र येता येत नाही. पुढे पाहुण्यांच्या वायफायबद्दल लिहिलंय, तिथे हाच फरक कामी येईल.

डबल नॅटने वेग पडतो असं बरेच जण सांगतात. रोजच्या वापरात तसं जाणवत नाही. व्हिडिओ, व्हॉट्सॲप, बँकेचं काम, सगळं व्यवस्थित चालतं, आणि म्हणूनच दोन दिवस कुणाला काही कळलं नव्हतं. अडतं ते घरातल्या घरात एकमेकांना शोधणाऱ्या यंत्रांचं, आणि बाहेरून घरात यायचं असेल तेव्हा, म्हणजे काही ऑनलाइन खेळ किंवा पोर्ट उघडून, म्हणजे सेटिंगमध्ये बाहेरून आत यायला वाट करून, बघायचा सीसीटीव्ही. तिथे मग दोन्ही डब्यांवर पोर्ट उघडावा लागतो.

तुमच्या घरी एक वाडा आहे की दोन, हे विंडोजच्या लॅपटॉपवर एका मिनिटात कळतं. नव्या वायफायवर जा, `cmd` उघडा आणि हे टाइप करा:

```
tracert -d 8.8.8.8
```

काकांच्याकडे सुरुवातीच्या ओळींत हे पत्ते आले:

```
1   192.168.0.1
2   192.168.1.1
```

192.168 ने सुरू होणाऱ्या दोन ओळी लागोपाठ आल्या की घरात दोन राउटर काम करताहेत. एकच आली तर एक. तिसऱ्या ओळीत 10 ने किंवा 100.64 ते 100.127 पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला तर गोंधळू नका. तो बहुधा कंपनीच्या बाजूचा असतो, तुमच्या घरातला नव्हे. कंपनीही पुष्कळ गिऱ्हाइकांना एका पत्त्यामागे बसवते. तसं असेल तर घरात कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून आत येता येणार नाही, मग मोड कुठलाही असो.

केबल आणि जागा

नवा राउटर मोडेमशेजारीच ठेवला तर थोडासाच फरक पडेल. चिरा वायफाय पितो. त्यातही ५ गिगाहर्ट्झचं वेगवान वायफाय जास्त लवकर दमतं. अशा दोन भिंती ओलांडल्या की जवळपास संपतं. २.४ गिगाहर्ट्झचं जरा लांब जातं, पण मुळातच हळू. म्हणून राउटर जिथे नेट हवंय तिथे न्यायचा आणि मधलं अंतर केबलने कापायचं. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे घरात अंतराची अडचण येत नाही. काकांच्याकडे तीस मीटर लागली.

केबल कॅट-६ घ्या आणि दुकानदाराला शुद्ध तांब्याची आहे का ते विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते. लांब अंतरावर ती त्रास देते, वाकवली की तुटते. विजेच्या वायरला चिकटून एकाच पट्टीतून नेऊ नका. मधे निदान वीतभर अंतर राहू द्या.

गोव्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. अंगणातून किंवा छपरावरून लांब तांब्याची केबल नेली की पावसाळ्याच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात कडाडणाऱ्या विजा तिच्यातून दोन्ही डब्यांचे पोर्ट जाळू शकतात. काकांना केबल राजांगणावरून उघडी टाकायची होती. मी वाशांच्या आतल्या बाजूने फिरवायला लावली. पाच मीटर जास्त गेली, जाऊ दे.

केबल नेणं शक्यच नसेल तर रिपीटर किंवा मेश हा वेगळा विषय आहे. साध्या रिपीटरमध्ये तेच रेडिओ ऐकतं आणि तेच पुढे सांगतं, म्हणून वेग अर्ध्यावर येतो. जमत असेल तर भिंतीला भोक पाडा.

ॲक्सेस पॉइंट मोड लावताना

ही कामं या क्रमाने करा. क्रम चुकला तर काही बिघडत नाही, पण अर्धा तास फुकट जातो.

सुरुवातीला मोडेमची केबल लावूच नका. नवा राउटर फक्त विजेला जोडा, त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवरचं वायफाय नाव आणि पासवर्ड वापरून मोबाइल किंवा लॅपटॉप त्याला जोडा. त्याच स्टिकरवर सेटिंगचा पत्ता असतो, बहुतेक वेळा 192.168.0.1 किंवा 192.168.1.1. मोबाइल "या वायफायला इंटरनेट नाही" म्हणून आपोआप मोबाइल डेटावर जाईल आणि पान उघडणार नाही, म्हणून डेटा बंद ठेवा.

आत गेलात की "Operation Mode" शोधा. तो बहुधा "Advanced" किंवा "System" च्या आत असतो. तिथे "Wireless Router" निवडलेलं असेल. ते बदलून "Access Point" करा आणि सेव्ह करा. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल.

आता वायफायचं नाव. इथे माझा आग्रह आहे की मोडेमच्या वायफायचं जे नाव आणि जो पासवर्ड आहे, अक्षर न् अक्षर तोच नव्या राउटरला द्या. मोठी-छोटी अक्षरंसुद्धा तीच. मग टीव्ही, प्रिंटर, आजोबांचा मोबाइल, यातल्या कशालाही हात लावावा लागत नाही, ती आपणहून नव्यावर येतात. सुरक्षेचा प्रकार विचारला तर जुन्या प्रिंटरच्या घरात WPA2 ठेवा. WPA3 निवडलं तर जुनी यंत्रं पासवर्ड बरोबर असूनही जोडली जात नाहीत आणि आपण तासभर पासवर्डच तपासत बसतो.

शेवटी केबल लावा. मोडेमच्या कुठल्याही लॅन पोर्टातून नव्या राउटरच्या WAN पोर्टात, म्हणजे काकांच्या राउटरवरच्या त्या निळ्या पोर्टात. एकच केबल. "दोन लावल्या तर वेग दुप्पट होईल" म्हणून चुलतभावाने दुसरीही लावली होती. ॲक्सेस पॉइंट मोडवर सगळे पोर्ट एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे दोन केबलींनी वर्तुळ तयार होतं आणि तोच मजकूर त्यात गरगर फिरत राहतो. सगळ्या पोर्टांचे दिवे एका लयीत वेड्यासारखे लुकलुकतात आणि घरभर नेट मरतं. दुसरी केबल काढली की मिनिटाभरात सगळं ठीक होतं.

इथे हमखास एक जण घाबरून फोन करतो, "192.168.0.1 आता उघडतच नाही!" उघडणार नाही. नवा राउटर आता त्या पत्त्यावर राहत नाही, मोडेमने त्याला नवा पत्ता दिलाय. तो बघायचा तर मोडेमच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या यंत्रांची यादी बघा, त्यात राउटरचं नाव दिसेल. काकांच्या राउटरला 192.168.1.12 मिळाला. सेटिंग बदलायचं असेल तेव्हा तो पत्ता टाइप करायचा.

यानंतर वर दिलेली `tracert` पुन्हा चालवा. काकांच्याकडे 192.168.1.1 ही एकच घरची ओळ उरली. मोबाइलचा पत्ता 192.168.1.9 झाला, प्रिंटर दिसू लागला आणि मागच्या खोलीत केबलएवढाच, नव्वदच्या पुढे वेग आला. आधी ऐंशी का होता? नवा राउटर स्वयंपाकघरात फ्रिजमागे ठेवला होता म्हणून. तिथून काढून उंच फळीवर ठेवला. त्याचा मोडशी संबंध नाही.

मोडेमचं जुनं वायफाय बंद करायचं का?

घर लहान असेल आणि नव्या राउटरचं वायफाय सगळीकडे पोचत असेल तर बंद करा. नाहीतर मोबाइल जुन्या, कमजोर वायफायला चिकटून बसतो. कुठल्या वायफायवर जायचं हे मोबाइल स्वतः ठरवतो, राउटर नाही, आणि बहुतेक मोबाइल सिग्नल अगदी संपेपर्यंत पहिल्याला सोडत नाहीत.

काकांच्याकडे वसरीतही नेट हवं होतं, म्हणून दोन्ही चालू ठेवली. अशा वेळी २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल वेगवेगळे करा. मोडेम 1 वर असेल तर नवा 6 किंवा 11 वर. हे तीन एकमेकांवर येत नाहीत, मधले चॅनेल दोन्ही शेजाऱ्यांना त्रास देतात.

राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोडच नसेल तर

घरात पडलेल्या जुन्या राउटरमध्ये पुष्कळदा हा पर्याय नसतो. तरी तेच काम हाताने होतं. आधी वायफायचं नाव-पासवर्ड बदलून घ्या. मग "LAN" मध्ये त्याचा स्वतःचा पत्ता मोडेमच्या वाड्यातला द्या, पण मोडेम वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा. मोडेमच्या "DHCP" पानावर सुरुवात आणि शेवट लिहिलेला असतो. पुष्कळदा तो 2 ते 254 असा सगळाच्या सगळा असतो. मग मोडेममध्ये सुरुवात 10 करा आणि राउटरला 192.168.1.2 द्या. सेव्ह केलं की नव्या पत्त्यावरून पुन्हा आत जा आणि "DHCP Server" बंद करा. शेवटी केबल मोडेमच्या लॅनमधून या राउटरच्याही लॅनमध्ये घाला. WAN पोर्ट रिकामाच ठेवायचा. तिथे केबल लावली तर तो पुन्हा राउटरच होतो.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते डीएचसीपी बंद करणं. मग घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि जो आधी उत्तर देईल त्याचं यंत्र ऐकतं. आज मोबाइल चालतो, टीव्ही नाही. उद्या टीव्ही चालतो, मोबाइलवर "कनेक्टेड, पण इंटरनेट नाही". रोज वेगळं यंत्र रुसतं, त्यामुळे लोक यंत्रांना दोष देत बसतात. रुसलेल्या मोबाइलच्या वायफाय माहितीत गेटवे बघा. तिथे 192.168.1.1 ऐवजी 192.168.1.2 असेल तर हाच दोष. गेटवे मोडेमच असायला हवा, कारण बाहेरचा रस्ता त्याच्याकडेच आहे.

राउटर मोड कधी बरोबर

माझं मत विचाराल तर नवख्या माणसाने ॲक्सेस पॉइंट मोडपासून सुरुवात करावी आणि नेमकं कारण असेल तरच राउटर मोड घ्यावा. अशी दोन कारणं मला गोव्यात वारंवार दिसतात.

पहिलं, मोडेम ब्रिज मोडवर असणं. यात मोडेम राउटरचं काम सोडतो, फक्त फायबर सांभाळतो आणि नवा राउटर घराचा एकमेव राउटर होतो. डबल नॅट राहत नाही आणि चांगल्या राउटरची सगळी वैशिष्ट्यं मिळतात, मुलांसाठी वेळेची मर्यादा वगैरे. पण ब्रिज बहुतेक वेळा कंपनीकडूनच करून घ्यावा लागतो. लाइन PPPoE ची असेल तर तिचं यूजरनेम-पासवर्ड मागून घ्या, ते नव्या राउटरच्या "WAN" पानावर टाकायचं असतं. मोडेममधून लँडलाइन फोन किंवा टीव्ही चालत असेल तर ब्रिज केल्यावर ते चालू राहतील का, हे आधी विचारा. आणि काही बिघडलं तर तक्रार ऐकणारा माणूस पहिलं हेच म्हणेल, "आधी आमचा डबा पूर्वीसारखा करा."

दुसरं कारण पाहुणे. माझ्या आतेबहिणीचं मांद्रेला घर आहे, त्यातल्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते. दर चार दिवसांनी नवी माणसं, नवे मोबाइल. त्यांना घरच्या लॅपटॉपपर्यंत पोचू द्यायचं नाही. तिने नवा राउटर राउटर मोडवर लावून पाहुण्यांना त्याचं वायफाय दिलं आणि घरचे मोडेमवर राहिले. तिला वाटलं पाहुणे वेगळे झाले.

ते उलटं झालं होतं. वर काकांच्या लॅपटॉपवरून प्रिंटरचं पान कसं उघडलं ते आठवा. आतल्या वाड्यातून बाहेरच्या वाड्यात जाता येतं. पाहुणे आतल्या वाड्यात होते, घरचे बाहेरच्या, म्हणजे पाहुण्यांनाच घरच्या यंत्रांपर्यंत वाट मोकळी होती. आम्ही अदलाबदल केली. पाहुण्यांना मोडेमचं वायफाय, घरच्यांना नव्या राउटरचं, वेगळ्या नावाने. प्रिंटर आणि टीव्हीही घरच्या राउटरवर आणले. मोडेमच्या सेटिंगचा पासवर्ड बदलला, कारण पाहुणे त्याच्याच वाड्यात असतात आणि मोडेमवर छापलेला पासवर्ड कुणीही वाचू शकतो.

"ताई, मग साधं गेस्ट वायफाय का नाही?" असं मी तिला विचारलंही होतं. राउटर मोडवर ते नीट वेगळं राहतं, पण ॲक्सेस पॉइंट मोडवर सगळ्या राउटरांचं सारखं नसतं. काहींत गेस्टचा पर्यायच नाहीसा होतो, काहींत नाव वेगळं दिसतं पण पाहुणा पोचतो त्याच वाड्यात. विश्वास न ठेवता तपासा. मोबाइल गेस्ट वायफायवर न्या आणि ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाइप करा. प्रिंटरचं पान उघडलं तर गेस्ट फक्त नावाला आहे.

राउटर मोड घेतलात तर एक गोष्ट मात्र न चुकता बघा. मोडेम आणि नवा राउटर दोन्ही 192.168.1.1 वर नकोत. दोन्ही वाड्यांना एकच नाव झालं की कुठे पाठवायचं ते राउटरला कळत नाही. काही राउटर हे ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात, काही बदलत नाहीत आणि नेट चालतच नाही. नव्या राउटरच्या "LAN" पानावर पत्ता 192.168.50.1 करून टाका.

रीसेटचं भोक

सेटिंग झाल्यावर काकांच्या राउटरवर मी एक कागद चिकटवला. त्यावर "एपी मोड, पत्ता 192.168.1.12, मोडेमच्या लॅन २ मधून केबल" एवढंच लिहिलं. मोडेममध्ये "Address Reservation" की तत्सम नावाचं पान मिळालं, तिथे हा पत्ता राउटरसाठी राखून ठेवला, म्हणजे लाईट जाऊन आली तरी बदलणार नाही.

तो कागद मेमध्ये उपयोगी पडला. सुटीत आलेल्या भाच्याने नेट हळू झालं म्हणून पिन घेऊन मागचं रीसेटचं भोक दाबून धरलं. रीसेट केल्यावर राउटर कारखान्यातून आल्यासारखा होतो, म्हणजे पुन्हा राउटर मोड. खूण सोपी होती: घरच्या नावाचं वायफाय मागच्या खोलीतून गायब आणि स्टिकरवरचं लांबलचक नाव यादीत हजर. काकींनी फोनवर ते नाव वाचून दाखवलं, मी भाच्याला मोडेमची केबल काढायला सांगितली आणि "Operation Mode" पासून सगळं पुन्हा त्याच्याकडूनच करून घेतलं.